मालमत्ता करातील वाढ भाडेकरूंमध्ये वाटताना रक्कम कशी काढावी आणि पत्रात कशी मांडावी

प्रश्न: माझ्या इमारतीत तळमजल्यावर दुकान, पहिल्या मजल्यावर कार्यालय आणि दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या भागात एक कुटुंब भाड्याने आहे, उरलेला अर्धा भाग रिकामा आहे. दुकान आणि कार्यालय यांच्या करारांत "मूळ वर्षाच्या तुलनेत मालमत्ता करात होणारी वाढ भाडेकरूने क्षेत्रफळाच्या प्रमाणात द्यावी" असे कलम आहे, कुटुंबाच्या करारात नाही. मूळ वर्षी देयक ८४,००० होते, यंदा १,२३,६०० आले. कार्यालय करवर्षाच्या आठव्या महिन्याअखेर जागा सोडणार आहे. किती रक्कम मागावी आणि हिशोब कसा दाखवावा? दोन्ही वर्षांची देयके, आकारणीच्या नोटिसा आणि तिन्ही करार सोबत जोडले आहेत.

उत्तर:

दोन देयकांमधला ३९,६०० हा फरक आधी बाजूला ठेवावा, कारण तो देयकातला फरक आहे, करातली वाढ नव्हे. कागदपत्रे वाचून माझ्या हिशोबाने वाटण्याजोगी वाढ २४,००० निघते. त्यांपैकी दुकानाकडून ७,२०० आणि कार्यालयाकडून ६,४०० मागता येतात. राहिलेले १०,४०० आपल्याच खात्यावर पडतात. ही शेवटची ओळ कोणत्याही मालकाला आवडत नाही, आणि नेमकी तीच टाळण्याच्या प्रयत्नात हिशोब बिघडतो, म्हणून एकेक पायरी सविस्तर लिहितो.

यंदाच्या देयकात चार वेगवेगळ्या गोष्टी एका बेरजेत आल्या आहेत. पहिली म्हणजे जुन्या इमारतीवरचा कर, जो १,०५,००० आहे. दुसरी, आपण गच्चीवर स्वतःसाठी बांधलेल्या साठवणखोलीवरचा कर, ८,४००. तिसरी, कचरा उचलण्याचे शुल्क, ४,२००. चौथी, गेल्या वर्षीचा दुसरा हप्ता उशिरा भरल्याबद्दलचा दंड, ६,०००. मूळ वर्षीच्या ८४,००० मध्ये मात्र दोनच गोष्टी होत्या: कर ८१,००० आणि कचरा शुल्क ३,०००. देयकाच्या पहिल्या पानावर फक्त बेरीज छापलेली असते आणि फोड मागच्या पानावर किंवा आकारणीच्या नोटिशीत असते, त्यामुळे बहुतेक मालक पहिल्या पानावरचे दोन आकडे घेऊन वजाबाकी करतात. साठवणखोलीचे तर आपल्या देयकावर वेगळे नावही नाही. तिचे मूल्य इमारतीच्या मूल्यात मिळवून १६,२०,००० असा एकच आकडा छापला आहे. आकारणीच्या नोटिशीत मात्र जुनी इमारत १५,००,००० आणि नवे बांधकाम १,२०,००० अशी दोन मूल्ये स्वतंत्र दिली आहेत. देयकावरचे करपात्र मूल्य एका वर्षात असे उडी मारून वाढलेले दिसले, तर फेरआकारणी झाली आहे की नवे बांधकाम नोंदले गेले आहे, हे नोटीस उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दंडाबद्दल फारसे सांगण्याची गरज नाही. उशीर आपला, भार आपला. तरी एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका इमारतीचा हिशोब माझ्याकडे होता आणि मी घाईत दोन देयकांची सरळ वजाबाकी करून भाडेकरूंना पत्रे धाडली. त्यांच्यातल्या एका वयस्कर दुकानदाराने देयकाची प्रत मागितली, पेन्सिल घेऊन मागच्या पानावरच्या विलंब आकाराभोवती वर्तुळ काढले आणि ते पान एक शब्दही न लिहिता मला परत पाठवले. रक्कम अगदी किरकोळ होती. पण त्यानंतर दोन वर्षे त्यांनी माझ्या प्रत्येक आकड्याचा पुरावा मागितला, बरोबर असलेल्यांचाही, आणि त्यात त्यांची काही चूक होती असे मला आजही वाटत नाही.

कचरा शुल्काचा प्रश्न थोडा बारीक आहे. आपल्या दोन्ही करारांत "मालमत्ता कर" एवढाच शब्द आहे. शुल्क ही सेवेची किंमत असते, मालमत्तेवरचा कर नसतो. ती एकाच कागदावर आकारली जाते म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. करारात "मालमत्ता कर आणि त्यासोबत आकारली जाणारी सर्व शुल्के" असे लिहिले असते, तर १,२०० ची ही वाढही वाटता आली असती. तसे नाही, म्हणून शुल्क वगळायचे, आणि ते दोन्ही वर्षांतून वगळायचे. मूळ वर्षातून वगळले आणि चालू वर्षात तसेच राहू दिले, तर वाढ २४,००० ऐवजी २८,२०० दिसते. मी तपासलेल्या चुकीच्या हिशोबांमध्ये ही चूक वारंवार आढळते, आणि ती मुद्दाम केलेली क्वचितच असते. एका वर्षाचा आकडा नोटिशीतून आणि दुसऱ्या वर्षाचा देयकातून उचलला की ती आपोआप होते. वेळेआधी कर भरल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीलाही हाच नियम लागतो: एका वर्षाचा आकडा सवलतीनंतरचा आणि दुसऱ्याचा सवलतीआधीचा असे घेऊ नये.

साठवणखोली आपण बांधली आणि वापरताही आपणच, म्हणून तिचा कर वाटणीत येत नाही. भाडेकरूंनी ज्या इमारतीसाठी करार केला ती इमारत मूळ वर्षी जशी होती तिच्याच करातली वाढ मोजायची आहे. खोली सर्वांच्या वापराची असती, म्हणजे समजा पंपाची किंवा सामायिक वाहनतळाची असती, तर प्रश्न वेगळा झाला असता. तरीही अशा वेळी करारात सुधारणा किंवा नव्या बांधकामाचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे लागले असते.

अशा रीतीने जे उरते ते असे: चालू वर्षी १,०५,०००, मूळ वर्षी ८१,०००, फरक २४,०००.

हा फरक पक्का मानण्यापूर्वी मूळ वर्षही एकदा तपासून पाहावे, कारण वाढीचा अर्धा हिशोब त्या वर्षावर उभा असतो. त्या वर्षी इमारत अपुरी असेल, काही भागाची आकारणी व्हायची राहिली असेल किंवा तात्पुरती सूट चालू असेल, तर मूळ कर कृत्रिमरीत्या कमी दिसतो आणि सूट संपल्यावर होणारी वाढ भाडेकरूंच्या माथी येते. अशा वेळी मूळ वर्षाचा कर पूर्ण आकारणी झाली असती तर किती असता, तो धरावा लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: मूळ वर्षाच्या नोटिशीत सूट, तात्पुरती आकारणी किंवा अंशतः ताबा असा काही शेरा दिसतो, किंवा मूळ वर्षाच्या लगेच पुढच्या वर्षी मूल्यात मोठी उडी असते. आपल्या नोटिशीत असा कोणताही शेरा नाही आणि तिन्ही मजले त्या वर्षी पूर्ण मूल्याने आकारलेले आहेत, तेव्हा ८१,००० हा पाया योग्य आहे.

आता २४,००० ची वाढ कशामुळे झाली ते पाहू. भाडेकरू पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि उत्तर नोटिशीतच आहे. मूळ वर्षी इमारतीचे करपात्र मूल्य १३,५०,००० आणि दर ६ टक्के होता, म्हणून कर ८१,०००. यंदा मूल्य १५,००,००० आणि दर ७ टक्के, म्हणून १,०५,०००. मूल्य १,५०,००० ने वाढले. जुन्या ६ टक्के दराने त्याचे ९,००० होतात. दर एका टक्क्याने वाढला. तो नव्या संपूर्ण मूल्यावर लागतो, म्हणून त्याचे १५,००० होतात. दोन्ही मिळून २४,०००. ही फोड केवळ माहितीसाठी नाही. आकारणीविरुद्ध हरकत घेता येते ती साधारणपणे मूल्याबाबत. दर सर्वांसाठी एकच ठरलेला असतो आणि एका इमारतीच्या हरकतीने तो बदलत नाही. त्यामुळे "तुम्ही हरकत का घेतली नाही" असा प्रश्न आला, तर हरकत मान्य होऊन मूल्य पुन्हा १३,५०,००० झाले असते तरी ७ टक्के दराने २४,००० पैकी १०,५०० च कमी झाले असते, हे आपल्याला आकड्यासह सांगता येते.

पुढची पायरी क्षेत्रफळाची. आपल्या करारांनुसार दुकान १८० चौरस मीटर, कार्यालय २४०, कुटुंबाची सदनिका ९० आणि रिकामा भाग ९०, अशी एकूण ६०० चौरस मीटर जागा होते. दुकानाचा हिस्सा ३० टक्के, कार्यालयाचा ४० टक्के, सदनिका आणि रिकामा भाग प्रत्येकी १५ टक्के. २४,००० पैकी दुकानाच्या वाट्याला ७,२००, कार्यालयाच्या वाट्याला ९,६००, सदनिकेच्या आणि रिकाम्या भागाच्या वाट्याला प्रत्येकी ३,६०० येतात.

येथे भाजक ६०० च राहिला पाहिजे. रिकाम्या जागेचे कोणी देत नाही म्हणून ती वगळून ५१० ने भागण्याचा मोह होतो; तसे केले की दुकानाचा वाटा ७,२०० वरून ८,४७१ वर जातो. भाडेकरूने आपल्या जागेपुरता भार उचलण्याचे कबूल केले आहे, शेजारची जागा भाड्याने जाईल याची हमी त्याने घेतलेली नाही. सदनिकेचेही तसेच. कुटुंबाच्या करारात कलम नसल्यामुळे त्यांच्या वाट्याचे ३,६०० करार चालू असेपर्यंत आपल्याला सोसावे लागतील. नूतनीकरणाच्या वेळी भाडे ठरवताना ते विचारात घेता येतील, पण आज ते दुकान आणि कार्यालय यांच्यावर वळवता येणार नाहीत. जेथे कायदा राहत्या घराच्या भाडेकरूवर कर ढकलण्यास मनाई करतो किंवा मर्यादा घालतो, तेथे करारात कलम असले तरी कायदाच वरचढ ठरतो, म्हणून नूतनीकरणाच्या मसुद्यात असे कलम घालण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

साठवणखोलीचे क्षेत्रफळ मी ६०० मध्ये धरलेले नाही, कारण तिचा करही अंशात नाही. कर वगळला आणि क्षेत्रफळ ठेवले तर भाडेकरूंचा वाटा अकारण कमी होतो. उलट केले तर अकारण वाढतो. अंश आणि भाजक एकाच इमारतीचे असावेत, इतकेच लक्षात ठेवले की पुरे.

क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत हा वादाचा दुसरा ठरलेला मुद्दा. आपल्या तिन्ही करारांत भिंतींच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रफळच लिहिले आहे, म्हणून अडचण नाही. अनेक इमारतींत मात्र एका करारात आतले माप, दुसऱ्यात भिंतींसह माप आणि तिसऱ्यात जिन्याचा वाटा मिळवून काढलेले माप असते. अशी मापे एकत्र केली तर टक्केवारीची बेरीज शंभर भरते, तरीही वाटणी चुकीची असते. बेरीज जुळल्यामुळे चूक लक्षात येत नाही, एवढाच फरक. अशा वेळी सर्व जागा एका पद्धतीने पुन्हा मोजाव्यात आणि त्या मापांवर भाडेकरूंच्या सह्या घ्याव्यात. जिना, मार्गिका यांचे क्षेत्रफळ कोणाच्याही नावे न धरले तरी चालते, कारण त्यांचा कर त्याच टक्केवारीने आपोआप वाटला जातो.

आणखी एक बाब आपल्या प्रकरणात उद्भवत नाही, पण दुसऱ्या वाचकाची असू शकते. काही ठिकाणी दुकानाला आणि राहत्या जागेला वेगवेगळ्या दराने कर लागतो आणि नोटिशीत प्रत्येक मजल्याचा कर स्वतंत्र दिलेला असतो. तसे असेल तर संपूर्ण वाढ क्षेत्रफळाने वाटणे अन्यायाचे होते. दुकानाच्या दरातली वाढ सदनिकेने सोसण्याचे काही कारण नाही. ज्या जागेची वाढ नोटिशीतच वेगळी दिसते तिची तेवढीच घ्यावी, अर्थात कराराच्या शब्दांना ते धरून असेल तर. आपली संपूर्ण इमारत एकाच दराने आकारलेली आहे, त्यामुळे क्षेत्रफळाची वाटणी करारालाही धरून आहे आणि वस्तुस्थितीलाही.

आता काळाचा हिशोब. दुकान वर्षभर राहणार आहे, म्हणून ७,२०० पूर्ण, म्हणजे दरमहा ६००. कार्यालय आठ महिनेच राहणार आहे. ९,६०० चे बारा भाग केले की दरमहा ८०० आणि आठ महिन्यांचे ६,४००. उरलेले ३,२०० आपले. नवव्या महिन्यापासून नवा भाडेकरू आला तरी हे ३,२०० त्याच्याकडून घेता येणार नाहीत, कारण त्याच्या करारातले मूळ वर्ष बहुधा हेच चालू वर्ष असेल आणि त्याच्या दृष्टीने वाढ शून्य असेल. मूळ वर्ष इमारतीचे नसते, कराराचे असते. एकाच इमारतीत तीन भाडेकरूंची तीन मूळ वर्षे असू शकतात आणि मग प्रत्येकासाठी वजाबाकी वेगळी करावी लागते.

देयक आपल्या हाती तिसऱ्या महिन्याअखेर आले, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांची थकलेली रक्कमही निघते: दुकानाची १,८०० आणि कार्यालयाची २,४००. ती एकदम मागण्याचा अधिकार बहुतेक करारांत असतो, पण मी ती तीन हप्त्यांत मागण्याचा सल्ला देतो. कार्यालयाच्या बाबतीत हे हप्ते ते जागा सोडण्यापूर्वी संपतील एवढे मात्र पाहावे. अनामत रकमेतून वळती करण्याची वेळ आणू नये, कारण अनामत कशासाठी आहे यावर मग वेगळा वाद सुरू होतो.

दुकानासाठी पत्राचा मसुदा देतो. कार्यालयाच्या पत्रात टक्केवारी आणि महिने बदलतील, बाकी सर्व तसेच राहील.

"विषय: मालमत्ता करातील वाढीचा आपला हिस्सा

महोदय,

आपल्या भाडेकरारानुसार मूळ वर्षाच्या तुलनेत इमारतीच्या मालमत्ता करात होणारी वाढ क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली जाते. चालू करवर्षात कर वाढला असून त्यातील आपला वर्षाचा हिस्सा ७,२०० आहे. तो कसा काढला हे पुढे लिहिले आहे.

चालू वर्षाचे एकूण देयक १,२३,६०० आहे. त्यात मी स्वतः वापरत असलेल्या गच्चीवरील खोलीचा कर ८,४००, कचरा शुल्क ४,२०० आणि मागील हप्ता माझ्याकडून उशिरा भरला गेल्याबद्दलचा दंड ६,००० समाविष्ट आहे. या तिन्ही रकमा मी आपल्या हिशोबातून वगळल्या आहेत. उरलेला कर १,०५,००० आहे. मूळ वर्षाच्या ८४,००० च्या देयकातूनही ३,००० कचरा शुल्क वगळले असून त्या वर्षाचा कर ८१,००० धरला आहे.

१,०५,००० − ८१,००० = २४,०००

या वाढीपैकी ९,००० इमारतीचे करपात्र मूल्य वाढल्यामुळे आणि १५,००० कराचा दर ६ वरून ७ टक्के झाल्यामुळे आहेत. इमारतीचे एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर असून आपल्या जागेचे १८० चौरस मीटर, म्हणजे ३० टक्के आहे. रिकाम्या जागेचा वाटा एकूण क्षेत्रफळात धरलेला असून तो मी सोसणार आहे.

२४,००० × ३० ÷ १०० = ७,२०० वार्षिक, म्हणजे ६०० दरमहा

चौथ्या महिन्यापासून ही रक्कम भाड्यासोबत, परंतु स्वतंत्र नोंदीने द्यावी. पहिल्या तीन महिन्यांचे १,८०० पुढील तीन महिन्यांत प्रत्येकी ६०० याप्रमाणे द्यावेत. कर कमी झाल्यास किंवा परत मिळाल्यास त्यातील आपला हिस्सा आपल्याला दिला जाईल.

दोन्ही वर्षांची देयके आणि आकारणीच्या नोटिसा सोबत जोडल्या आहेत. हिशोबात काही चूक वाटल्यास या महिन्याअखेरपर्यंत लेखी कळवावे. मूळ कागदपत्रे आपल्याला केव्हाही पाहता येतील.

आपला,"

या मसुद्यात दंडाचा उल्लेख मी मुद्दाम ठेवला आहे. तो झाकण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण देयकाची प्रत जोडायची असेल तर तो दिसणारच, आणि आपण होऊन वगळलेली रक्कम भाडेकरूला आधी दिसली की बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. प्रत जोडायचीच नाही हा पर्याय मी गृहीत धरत नाही. प्रतीशिवाय पाठवलेल्या पत्राला आठवडाभरात "प्रत पाठवा" असे उत्तर येते आणि वसुली महिनाभर पुढे जाते.

"स्वतंत्र नोंदीने" या शब्दांनाही कारण आहे. वाढीचे ६०० भाड्यात मिसळले, तर भाड्यावर दरवर्षी ठरलेली टक्केवारीची वाढ त्यांच्यावरही लागते, आणि भाड्याच्या पटीत ठरणारी अनामतही त्यांच्यासह मोजली जाते. भाडे २०,००० आणि वार्षिक वाढ ५ टक्के असेल तर ६०० वर पुढच्या वर्षी दरमहा ३० जास्त घेतले जातील, जे कोणत्याही कराचे नाहीत. रक्कम लहान आहे, पण तिचा खुलासा करता येणार नाही. शिवाय कर कमी झाला तर भाड्यात मिसळलेली रक्कम बाहेर काढताना दोघांनाही त्रास होतो. पावतीवर दोन ओळी असाव्यात: भाडे आणि करवाढीचा हिस्सा.

पुढच्या वर्षी सर्वांत जास्त होणारी चूक आत्ताच सांगून ठेवतो. समजा पुढच्या वर्षी इमारतीचा कर १,०८,००० झाला. वाढ पुन्हा मूळ वर्षाशीच मोजायची, म्हणजे २७,०००. दुकानाचा हिस्सा ८,१००, दरमहा ६७५. हे ६७५ चालू वर्षाच्या ६०० च्या जागी येतात, त्यांच्यावर चढत नाहीत. दोन्ही मिळून १,२७५ घेणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या एकालाही आपण जास्त घेतो आहोत याची कल्पना नव्हती. मागच्या वर्षीचे ६०० भाड्यात मिसळून गेले होते आणि नव्या वर्षाचा हिशोब मूळ वर्षापासून नव्याने केला होता. ताळा करायचा असेल तर भाडेकरूने वर्षभरात करवाढीपोटी दिलेली एकूण रक्कम त्याच्या टक्केवारीने भागावी. उत्तर त्या वर्षीच्या आणि मूळ वर्षाच्या करातल्या फरकाइतके आले पाहिजे. ८,१०० ला ३० टक्क्यांनी भागले की २७,००० येतात. १,२७५ दरमहा घेतले तर वर्षाचे १५,३०० होतात आणि भागाकार ५१,००० येतो; एवढी वाढ कोणत्याच नोटिशीत सापडणार नाही.

शेवटचा मुद्दा हरकतीचा. मूल्य १३,५०,००० वरून १५,००,००० झाले, हे आसपासच्या तशाच इमारतींच्या मूल्यांशी ताडून पाहावे आणि जास्त वाटले तर मुदतीत हरकत नोंदवावी. हरकत प्रलंबित असली तरी भाडेकरूंना पत्र थांबवण्याची गरज नाही. फक्त "हरकत घेतली असून निकालानुसार रकमेत बदल होईल" असे एक वाक्य पत्रात घालावे. समजा मूल्य १४,४०,००० पर्यंत खाली आले. ७ टक्क्यांनी कर १,००,८०० होतो, म्हणजे ४,२०० कमी. त्यातले १,२६० दुकानाचे. कार्यालयाचे वर्षाचे १,६८० आणि आठ महिन्यांचे १,१२० होतात. हरकतीसाठी तज्ज्ञाला दिलेले शुल्क या परताव्यातून वजा करायचे असेल तर करारात तशी तरतूद हवी. आपल्या करारांत ती नाही, म्हणून परतावा पूर्ण द्यावा लागेल. हरकतींचे निकाल लागायला वेळ लागतो आणि तोवर कार्यालयाने जागा सोडलेली असेल, परंतु त्यांनी भरलेल्या आठ महिन्यांचे पैसे त्यांचेच राहतात. म्हणून ताबा परत घेताना अनामतीच्या अंतिम हिशोबावर "करहरकतीचा निकाल प्रलंबित" अशी एक ओळ लिहावी आणि त्याच कागदावर त्यांचा नवा पत्ता व रक्कम पाठवण्यासाठी खाते क्रमांक घेऊन ठेवावा.